पोरांचं पहिलं कॉम्पिटिशन धनुष्य: लोकांकडे पैसे मागताना पेजवर काय लिहायचं

रेंजवर नवीन पालक आले की काही महिन्यांनी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. सर म्हणतात आता स्वतःचं धनुष्य घ्या, आकडा ऐकून घरात शांतता पसरते, मग कोणीतरी सुचवतं की क्राउडफंडिंग करा. पेज उघडायला दहा मिनिटं लागतात, पण लिहायचं काय हे कळत नाही, म्हणून लोक दुसऱ्यांची पेजेस बघून तसंच लिहून टाकतात: गरीब घरची गुणी मुलगी, ऑलिम्पिकचं स्वप्न, दीड लाखाची गरज, प्लीज मदत करा. आता आपलं नाशिक बघा, तुमचं पेज वाचणारे निम्मे लोक अंबड-सातपूरच्या कंपन्यांत परचेस, स्टोअर, क्वालिटी असल्या खात्यांत काम करणारे, त्यांच्या डोक्यात पहिला प्रश्न हाच येणार की दीड लाखाचं ब्रेकअप कुठंय. ते पेजवर नसलं तर माणूस वाईट बोलत नाही, नुसता पुढे स्क्रोल करतो.

म्हणून मी इथे एकच केस शेवटपर्यंत घेतो. समजा सिडकोत राहणारं कुटुंब आहे, बाबा अंबडला नोकरीला, मुलगी नववीत. सुरुवात तिने इंडियन राउंडच्या लाकडी-बांबूच्या धनुष्यावर केली, आता काही महिने क्लबच्या रिकर्व्हवर, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्यावर, ३० मीटर मारतेय आणि सरांनी सांगितलंय की स्वतःचा सेट घ्या. खालचे रुपयांचे आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेत, ते तसेच्या तसे उचलू नका, तुमच्या कोटेशनचे टाका.

पेज उघडायच्या आधी: सरांकडून एक चिठ्ठी

धनुष्याची किंमत नेटवर शोधायच्या आधी सरांना चार गोष्टी कागदावर लिहून मागा: ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी किती इंच मागे ओढली जाते, ती किती, आत्ता हातात किती पाउंड ओढते, नवीन धनुष्य किती इंची पाहिजे, लिंब, म्हणजे धनुष्याचे वरचे-खालचे वाकणारे हात, किती पाउंडाचे. ही चिठ्ठी पुढे पेजवरची तुमची सगळ्यात मजबूत गोष्ट ठरते, कारण 'सर म्हणाले' आणि 'सरांनी मोजून दिलं' यात खूप फरक आहे.

यात एक गोम आहे ती नवीन लोकांना माहीत नसते. लिंबवर जे पाउंडेज छापलेलं असतं ते २८ इंच ड्रॉला धरलेलं असतं. आपल्या पोरीचा ड्रॉ २६ इंच असेल तर तिच्या बोटांवर तेवढं वजन येतच नाही, अंदाजे एका इंचाला २ पाउंड असा फरक पडतो, म्हणजे ३२ छापलेले लिंब तिच्या हातात २८ च्या आसपास. आपल्या केसमध्ये ती क्लबच्या धनुष्यावर २४ पाउंड ओढतेय, तर सर म्हणतात ३२ छापलेले मिडियम लिंब घ्या, रायझरचे, म्हणजे मधल्या मुठीच्या भागाचे, लिंब बोल्ट थोडे बाहेर काढून सुरुवातीला २६ वर ठेवू आणि खांदा तयार झाला की हळूहळू आत घेऊ. २५ इंची रायझर आणि मिडियम लिंब मिळून धनुष्य ६८ इंची होतं, आत्ता तिला किंचित मोठं आहे पण पोर वाढतेय.

आणि आयएलएफ फिटिंगचंच घ्या, म्हणजे एका कंपनीच्या रायझरवर दुसऱ्या कंपनीचे लिंब बसतात. हे पेजवरही सांगायचंय, का ते पुढे येईलच.

चिठ्ठी हातात आली की तिच्यावरूनच किमान दोन दुकानदारांकडून लेखी कोटेशन घ्या, तारखेसकट, आणि जीएसटी आत धरलाय की वर लागणार आणि नाशिकपर्यंतचं कुरिअर कोणाचं हे त्यातच लिहून घ्या. फोनवर सांगितलेला भाव पेजवर टाकू नका. आर्चरीचं बरंच चांगलं सामान बाहेरून येतं, स्टॉक संपला की पुढच्या लॉटचा भाव वेगळा असतो, त्यामुळे कोटेशनची व्हॅलिडिटी किती दिवस आहे तेही बघा आणि पेज त्या मुदतीत बसवा.

क्लबचं धनुष्य असताना स्वतःचं कशाला?

हा प्रश्न पेजवर कोणीतरी विचारणारच, न विचारता मनात तरी ठेवणारच. बॅट जशी टीममधल्या दुसऱ्याची घेऊन खेळता येते तसं इथे का चालत नाही, हे साध्या भाषेत एका पॅरेग्राफमध्ये लिहा. मी असं लिहीन:

> 'सध्या ती क्लबच्या धनुष्यावर सराव करते, ते आणखी मुलंही वापरतात. धनुष्यावर क्लिकर नावाची एक पट्टी असते, बाण दर वेळी सारखाच ओढला गेला की ती टक् करून वाजते. ती पट्टी प्रत्येक मुलाच्या हाताच्या आणि बाणाच्या लांबीप्रमाणे लावावी लागते. नेम धरायच्या साईटचंही तसंच, दुसऱ्याने हलवली की हिचे मार्क गेले. त्यामुळे सरावाचा बराच वेळ धनुष्य पुन्हा स्वतःसाठी लावण्यात जातो. आणि हे धनुष्य २४ पाउंडाचं आहे, ३० मीटरला पुरतं. तिच्या वयोगटात रिकर्व्हला ६० मीटरवर मारावं लागतं.'

शेवटचं वाक्य तुमच्या मुलाच्या गटाप्रमाणे बदला. अंडर-१८ रिकर्व्हला ६० मीटर असतं, टार्गेटवरचा गोलांचा कागद, ज्याला फेस म्हणतात, तो १२२ सेंटीमीटरचा, आणि सिनियरला ७० मीटर. त्याहून लहान गटांना अंतर कमी असतं, तर ज्या स्पर्धेसाठी चाललाय तिचं सर्क्युलर बघूनच आकडा टाका. कमी पाउंडाचं धनुष्य लांबच्या अंतराला का चालत नाही हेही कोणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे: बाण हळू जातो, म्हणून धनुष्य जास्त वर धरावं लागतं, त्यासाठी साईटची पिन खाली खाली न्यावी लागते, आणि एका मर्यादेनंतर पट्टीच संपते नाहीतर बाण जाताना साईटला घासतो. हे वाचून माणसाला कळतं की मागणी हौसेची नाहीये.

इथेच एक मोह टाळा. आपल्याकडे २०२३ ला बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे वर्ल्ड चॅम्पियन झाले, तेव्हापासून प्रत्येक पेजवर 'पुढची अदिती' येतेच. ते दोघं कंपाउंड मारतात, त्या धनुष्याला पुली असतात, ते यंत्रच वेगळं. तुमची मुलगी रिकर्व्ह मारत असेल तर ही तुलना जाणकार माणसाला लगेच खटकते, आणि नववीतल्या पोरीच्या डोक्यावर ते ओझं कशाला हा वेगळाच भाग.

खर्च: एकेक वस्तू, एकेका ओळीत

'धनुष्य – ७५ हजार' असं लिहू नका. धनुष्य ही एक वस्तू नसतेच, ती जोडून बनते, आणि ते दाखवलं की आकडा आपोआप पटतो. आपल्या केसचा तक्ता असा:

- रायझर, २५ इंची, ॲल्युमिनियम, आयएलएफ: १८,०००
- लिंबची जोडी, मिडियम, ३२ पाउंड: १४,०००
- कार्बन बाण, १२ नग, पॉइंट-नॉक-पिसांसकट तयार: १४,४००
- साईट: ७,५००
- स्टॅबिलायझर सेट, पुढचा लांब रॉड, दोन साईड रॉड, व्ही-बार: ८,५००
- प्लंजर, ॲरो रेस्ट, क्लिकर: ४,०००
- स्ट्रिंग, २ नग: १,६००
- बॅग, बो स्टँड आणि दोरी चढवायचा स्ट्रिंगर: ५,५००
- पॅकिंग-कुरिअर: २,०००

एकूण ७५,५०० रुपये. टॅब, आर्मगार्ड, चेस्टगार्ड आणि क्विव्हर तिच्याकडे आधीपासून आहेत, ते यात धरले नाहीत, आणि 'धरले नाहीत' हे वाक्य पेजवर जरूर लिहा.

तक्त्याखाली दोन वस्तूंबद्दल थोडं जास्त लिहायचं, बाकीच्यांबद्दल नाही लिहिलं तरी चालतं.

एक म्हणजे बाण. बारा बाणांना चौदा हजार बघून लोक दचकतात. त्यांना सांगा की बाणाची दांडी किती वाकते याला स्पाइन म्हणतात आणि ती धनुष्याच्या पाउंडेजला आणि बाणाच्या लांबीला जुळावी लागते, नंबर जेवढा मोठा तेवढी दांडी लवचिक, हलक्या धनुष्याला मोठा नंबर लागतो. न जुळणारा बाण कितीही महाग असला तरी एका जागी ग्रुप होत नाही. बारा कशाला, तर स्पर्धेत एका एंडला, म्हणजे एका फेरीला, ६ बाण मारायचे असतात, एकूण ७२, आणि सरावात बाण बाणावर आपटतात, नॉक, म्हणजे मागची दोरीत अडकणारी खाच, फुटतात, एखादा गवतात जातो तो सापडतच नाही. सुटे चार-सहा नसले तर स्पर्धेच्या दिवशी हात थरथरतात.

दुसरी गोष्ट लिंबची, आणि ही लिहायला लोक घाबरतात. वाढत्या मुलीला हे लिंब कायमचे पुरणार नाहीत, ताकद वाढली की वर्ष-दीड वर्षात जास्त पाउंडाचे घ्यावे लागतील, आणि पाउंडेज बरंच वाढलं तर बाणांची स्पाइनही बदलेल. बऱ्याच पालकांना वाटतं हे लिहिलं तर लोक म्हणतील मग पुन्हा मागायला येणार का. उलटं होतं. आज लिहिलं नाही आणि पुढच्या वर्षी नवे लिंब दिसले तर लोक म्हणतील आम्ही दिलेलं कुठे गेलं. म्हणून सरळ लिहा:

> 'रायझर, साईट, स्टॅबिलायझर ही पुढची काही वर्षं चालणारी गोष्ट आहे. लिंब तशी नाही, ताकद वाढेल तशी बदलावी लागते. म्हणूनच आत्ता महागडे लिंब घेत नाही आहोत. पुढची जोडी आम्ही घरून घेऊ आणि ही जोडी क्लबमधल्या नवीन मुलाला वापरायला देऊ, तसं इथे कळवू.'

लिंब विकून पैसे पुढच्या जोडीत घालणार असाल तर तेही चालतं, पण आधी लिहिलेलं असू द्या. आणि सगळ्यात महाग कंपनीचा सेट मागितला नाही, का मागितला नाही, हे एका ओळीत आलं की झालं.

कोणाचे किती, आणि पेजचा आकडा कसा काढायचा

आता ७५,५०० हा पेजचा गोल नाही. घरचे २५,००० घालणार. मामा आणि आत्या मिळून १०,५०० देणार. राहिले ४०,०००. हे तिन्ही आकडे पेजवर दिसले पाहिजेत, घरच्यांनी स्वतःचा खिसा रिकामा केलाय हे दिसल्यावर बाहेरचा माणूस हात सैल सोडतो, हा आपल्याकडचा स्वभावच आहे.

मग कट. प्लॅटफॉर्म फी असो-नसो, पेमेंट गेटवेचे चार्जेस असतात आणि त्या चार्जवर १८ टक्के जीएसटी असतो. तुमच्या प्लॅटफॉर्मच्या चार्जेसच्या पानावर जाऊन सगळं मिळून किती टक्के जातं ते काढा. आपण ३ टक्के धरू. मग ४०,००० ला ०.९७ ने भागायचं, येतात ४१,२३७, गोल ठेवा ४१,५००. नुसते ३ टक्के वाढवले तर थोडे कमी पडतात कारण कट वरच्या रकमेवर बसतो. पेजवर लिहा की ४१,५०० पैकी सुमारे १,२५० चार्जेसमध्ये जातील. काही प्लॅटफॉर्म देणाऱ्याकडून वर 'टिप' मागतात, रक्कम आधीच भरलेली असते, ती प्लॅटफॉर्मला जाते, मुलीला नाही. तुमच्या प्लॅटफॉर्मवर तसं असेल तर ते सांगून टाका, 'टिप ऐच्छिक आहे, बदलून शून्यही करता येते', नाहीतर एखाद्या काकांच्या खात्यातून ११०० गेलेले दिसतील आणि पेजवर १००० आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा सुरू.

टॅक्सचं आधीच बघून घ्या. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून एका आर्थिक वर्षात मिळून ५०,००० रुपयांच्या वर पैसे भेट म्हणून आले तर वरचे नाही, सगळेच घेणाऱ्याचं उत्पन्न धरलं जातं. आईवडील, भाऊ-बहीण, मामा, काका, आत्या, मावशी हे नातेवाईकांत येतात, चुलत-मावस भावंडं मात्र येत नाहीत. आपल्या केसमध्ये मामा-आत्यांचे पैसे पेजवर न घेता थेट खात्यात घेतले, पेजचा आकडा ४१,५०० राहिला, तर मर्यादेच्या आत आहे, फक्त त्याच वर्षी दुसरीकडून अशी भेट आलेली नसावी. मोठी रक्कम काढणार असाल तर पेज उघडायच्या आधी सीएला विचारा, नंतर नाही. आणि '८०जी मिळेल का' असं कोणी विचारलं तर स्पष्ट नाही म्हणायचं, वैयक्तिक पेजवर दिलेल्या पैशाला ती सूट नसते, ती मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर असते.

आता पूर्ण मजकूर

शीर्षकात तीन गोष्टी पुरतात: कोण, काय, किती. 'नाशिकच्या नववीतल्या आर्चरला पहिलं स्पर्धेचं धनुष्य – ४१,५०० रुपये'. उद्गारचिन्हं नकोत.

> 'नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे आणि नाशिकमध्ये आर्चरी शिकते. सुरुवात लाकडी धनुष्यावर केली, आता रिकर्व्हवर ३० मीटर मारते. मागच्या महिन्यात ३६ बाणांत तिचे ३६० पैकी २६८ गुण होते. हे खूप मोठे गुण नाहीत. सरांचं मत आहे की क्लबच्या धनुष्यावर यापुढे जास्त प्रगती होणार नाही.
>
> सेटची एकूण किंमत ७५,५०० आहे, प्रत्येक वस्तू खाली लिहिली आहे आणि कोटेशनचा फोटो जोडला आहे. २५,००० आम्ही घालतोय, १०,५०० मामा आणि आत्या देत आहेत. ४०,००० कमी आहेत, चार्जेस धरून ४१,५००.
>
> यात कोचिंग, स्पर्धेची एंट्री फी, प्रवास हे काहीही नाही, ते आम्ही करतो. वस्तू आल्यावर बिल इथे टाकू. धनुष्य आल्यावर तिचे गुण वाढले की कमी झाले तेही सांगू. कमी पैसे जमले तर काय आधी घेणार तेही खाली लिहिलं आहे.'

बस, एवढंच. '२६८ हे खूप मोठे गुण नाहीत' हे वाक्य वाचून काही पालक म्हणतील असं कोण लिहितं. पण आर्चरीत गुण लपत नाहीत, रेंजवर पाटीवर लिहिलेले असतात, आणि क्लबमधला दुसरा पालक तुमचं पेज वाचणारच आहे. अंतर, बाणांची संख्या आणि फेस कितीचा हे तिन्ही दिल्याशिवाय गुण लिहू नका, त्याला अर्थच राहत नाही; वरच्या नमुन्यात फेस लिहिलेला नाही, तो तुमच्या मापाचा टाका.

मुलगी अल्पवयीन आहे हे विसरू नका. पैसे पालकांच्या खात्यात. पेजवर पूर्ण नाव नको, शाळेचं नाव नको, कुठल्या ग्राउंडवर किती वाजता असते ते तर अजिबात नको. शाळेचा युनिफॉर्म घातलेला फोटो टाकला की नाव न लिहिताही शाळा कळते. कोटेशन आणि बिलाच्या फोटोवरचा घरचा पत्ता आणि मोबाईल नंबर झाका, दुकानाचं नाव, तारीख, रक्कम दिसू द्या. फोटो एकच असला तरी चालेल, धनुष्य ओढलेला, बाजूने काढलेला. आणि तिला विचारा. नववीतल्या मुलीला आपल्या नावाने पैसे मागितलेले वर्गात कसे वाटतील हे आपण नाही ठरवू शकत, मजकूर तिने वाचून हो म्हटल्यावरच पेज लाइव्ह.

कमी जमले तर, जास्त जमले तर

हा भाग जवळपास कोणीच लिहीत नाही आणि मला विचाराल तर पेजवरचा सगळ्यात कामाचा भाग हाच. चाळीस हजार नाही जमले तर? अर्धं धनुष्य घेता येत नाही असं लोकांना वाटतं, पण घेता येतं, क्रम बरोबर पाहिजे. रायझर, लिंब, बाण, साईट, प्लंजर-रेस्ट-क्लिकर आणि स्ट्रिंग, कुरिअर धरून ६१,५०० होतात. घरचे आणि मामा-आत्यांचे ३५,५०० हातात आहेतच, म्हणजे पेजवरून चार्जेस जाऊन २६,००० आले की ती मारायला सुरुवात करू शकते. स्टॅबिलायझर नंतर, बॅग आणि स्टँडही नंतर, तोवर क्लबचा स्ट्रिंगर वापरायचा. लांब रॉड नसला तर सोडल्यावर धनुष्य हातात जास्त हलतं, गुणांवर फरक पडतो, पण सराव थांबत नाही. उलट, स्टॅबिलायझर घेऊन बाण क्लबचेच वापरू म्हणाल तर ते जुळत नाहीत आणि सगळंच अडतं.

पेजवर हे तसंच लिहा: '२६,००० जमले की पहिली ऑर्डर, उरलेल्यात स्टॅबिलायझर आणि बॅग'. आणि २६ हजारही नाही आले तर किती दिवस वाट बघणार आणि मग काय, हेही. काही जण म्हणतात आलेल्या पैशात सेकंडहँड रायझर बघू. बघा, पण सरांना हातात घेऊन बघू द्या, लिंबची खाच आणि बोल्टची जागा झिजलीय का, रायझर सरळ आहे का. सेकंडहँड लिंब मात्र मी तरी दुसऱ्याच्या पैशातून घेणार नाही, आतून थर सुटायला लागलेत की नाही ते नुसतं बघून नेहमी कळत नाही.

जास्त जमले तर पेज त्या दिवशी बंद करा. दोन-तीन हजार वर आले तर नॉक, पिसं, सुटी स्ट्रिंग यात जातात आणि तसं सांगायचं.

अपडेट: पैसे हलले की लिहायचं

'दर रविवारी अपडेट देऊ' असं वचन देऊ नका, पावसाळ्यात आपल्याकडे आठवडेच्या आठवडे मैदानावर नीट सराव होत नाही, लिहिणार काय. त्यापेक्षा घटनांना बांधून घ्या: ऑर्डर दिली, माल आला, धनुष्य लावलं, पहिला महिना झाला, पहिली स्पर्धा झाली, हिशोब बंद. प्रत्येक अपडेटच्या शेवटी एकच ओळ, आले किती, गेले किती, शिल्लक किती.

ऑर्डरचं अपडेट दोन ओळींचं, बिलाचा फोटो. मालाला उशीर झाला तर उशीर झाल्याचंही अपडेट टाका, गप्प बसलात की लोक आपापलं काहीतरी समजून घेतात. कोटेशनपेक्षा भाव बदलला असेल तर जुना आकडा खोडून नवा टाकू नका, दोन्ही दिसू द्या:

> 'बाण कोटेशनपेक्षा ६०० रुपयांनी महाग पडले, नवीन लॉटचा भाव. बॅग साधी घेतली, तिथे तेवढेच ६०० वाचले. बिलं जोडली आहेत.'

खरी परीक्षा पुढच्या अपडेटला असते, कारण नवीन धनुष्य आलं की गुण बहुतेक वेळा खाली जातात. हे आधी माहीत नसलं की घरात रडारड होते आणि पेजवर शांतता. कारणं साधी आहेत. वजन वाढलेलं असतं, खांदा शेवटच्या बाणांपर्यंत टिकत नाही. नवीन स्ट्रिंग सुरुवातीला ताणली जाते, त्यामुळे स्ट्रिंग आणि ग्रिपमधलं अंतर, ज्याला ब्रेस हाइट म्हणतात, ते बदलत राहतं आणि बाण वर-खाली जातो, रोज मोजून दोरीला पीळ कमी-जास्त करावा लागतो. नॉकिंग पॉइंट, प्लंजर अजून बसलेले नसतात. सर मग बेअरशाफ्ट मारून बघतात, म्हणजे पिसं नसलेला बाण पिसं असलेल्या बाणांसोबत मारायचा, तो त्यांच्यापासून किती लांब आणि कुठल्या बाजूला पडतो त्यावरून सेटिंग कळतं. हे सगळं अपडेटमध्ये असं उतरवा:

> 'धनुष्य लावून तीन आठवडे झाले. ३० मीटर, ३६ बाण, आधीचाच फेस: २४१. क्लबच्या धनुष्यावर २६८ होते, म्हणजे २७ कमी. सरांनी हे आधी सांगितलं होतं. पहिल्या १८ बाणांत १२९ आणि नंतरच्या १८ मध्ये ११२ आले, म्हणजे हात दमतोय. म्हणून पाउंडेज अजून २६ वरच ठेवलंय. एका बाणाचा नॉक फुटला, बदलला. आले ४१,५००, चार्जेस १,२४५, हातात ४०,२५५. त्यातले ४०,००० खर्च, शिल्लक २५५.'

बघा, १२९ आणि ११२ हे दोन आकडे दिले की 'गुण कमी झाले' ही तक्रार राहत नाही, वाचणाऱ्याला कारण दिसतं. आणि पुढच्या अपडेटला तो स्वतः दुसऱ्या अर्ध्याचे गुण शोधतो. पण जर दोन्ही अर्ध्यांत सारखेच कमी येत असतील आणि बाण फेसभर पसरत असतील तर ते दमणं नाही, सेटिंग किंवा स्पाइनचं काहीतरी आहे, ते सरांकडे घेऊन जायचं, पेजवर अंदाज लिहायचा नाही.

पुढे ६० मीटरला साईटचा मार्क मिळाला की तेही एक छोटं अपडेट होतं, पिन पट्टीवर कुठे आली त्याचा फोटो टाका, लोकांना आवडतं. वरच्या पॅरेग्राफमध्ये तुम्ही जे कारण देऊन पैसे मागितले होते ते खरं होतं, हे त्या फोटोत दिसतं.

स्पर्धेचं अपडेट लिहिताना नंबर आला नसेल तर एकूण किती जण होते, हिचे गुण किती, नंबर कितवा, तिन्ही लिहा. 'सुंदर अनुभव मिळाला' लिहून गुण गाळले की सगळ्यांना कळतं. वारा होता असं लिहिणार असाल तर वारा सगळ्यांनाच होता हेही लक्षात असू द्या. फोटोत दुसऱ्यांची मुलं येत असतील तर चेहरे दिसणार नाहीत असा काढा.

शेवटचं अपडेट म्हणजे हिशोब बंद. सुरुवातीचाच तक्ता पुन्हा टाका, शेजारी प्रत्यक्ष किती लागले ते, खाली शिल्लक आणि ती कशात गेली. त्यानंतर पेजवर पैसे घ्यायचं बटण बंद आहे ना ते दुसऱ्याच्या मोबाईलवरून उघडून तपासा. मग पुढच्या वर्षी लिंब बदलले की जुनी जोडी कोणाला दिली त्याची एक ओळ टाकायची राहील, त्यासाठी पासवर्ड जपून ठेवा.